लस्सीवर १२, योगर्टवर १३.५, साध्या दह्यावर ४.६: लेबलवरच्या साखरेचा हिशोब

प्रश्न: माझा मुलगा दुसरीत आहे. साधं दही तोंडात घेत नाही, पण स्ट्रॉबेरी योगर्ट आणि गोड लस्सी आवडीने संपवतो. मी तिन्हींची लेबलं पाहिली. साध्या दह्यात साखर घातलेलीच नाही, तरी १०० ग्रॅमला ४.६ ग्रॅम साखर लिहिली आहे. योगर्टवर १३.५ आणि लस्सीवर १२. म्हणजे योगर्टपेक्षा लस्सी बरी असं समजायचं का? आणि साध्या दह्यात साखर कुठून आली?

उत्तर:

नाही, तुमच्या तीन पाकिटांत लस्सीच सगळ्यात गोड आहे, आणि थोड्याथोडक्या फरकाने नव्हे. लेबलवरचे आकडे खरे आहेत, पण ते जसेच्या तसे शेजारी ठेवून तुलना होत नाही. का होत नाही, याचं उत्तर तुमच्या दुसऱ्या प्रश्नात आहे, म्हणून आधी साध्या दह्याचं बघू.

दुधाला स्वतःची साखर असते, लॅक्टोज. १०० ग्रॅम दुधात ती पाच ग्रॅमच्या आसपास असते. दूध फारसं गोड लागत नाही, कारण लॅक्टोजची गोडी आपल्या नेहमीच्या साखरेपेक्षा बरीच कमी आहे. विरजण लावलं की त्यातले जिवाणू लॅक्टोज फोडतात, त्यातला काही भाग वापरतात आणि त्याचं आम्ल करतात. त्या आम्लानेच दही लागतं आणि आंबटही होतं. पण ते सगळं लॅक्टोज संपवत नाहीत. आंबटपणा वाढला की त्यांचंच काम मंदावतं आणि बरीचशी साखर तशीच राहते. शिवाय लॅक्टोज फुटल्यावर त्यातून ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज अशा दोन साखरा निघतात. योगर्टच्या विरजणातले जिवाणू ग्लुकोज वापरतात आणि गॅलॅक्टोज बहुतेक वेळा मागे ठेवतात. 'टोटल शुगर्स' या ओळीत हे सगळं मोजलं जातं. त्यामुळे साध्या दह्यावर चार ते पाच ग्रॅमचा आकडा दिसणं अगदी स्वाभाविक आहे. ही साखर कोणी घातलेली नाही, आणि तिच्यासाठी दही टाळायचं काही कारण नाही.

याच ओघात एक छोटी शंका अनेकांना येते. दह्याच्या लेबलवर 'कार्बोहायड्रेट ५.०' आणि त्याखाली 'टोटल शुगर्स ४.६' असं असतं. मधले ०.४ ग्रॅम कुठले? तिथे पीठबीठ काही नसतं. कार्बोहायड्रेटचा आकडा बहुतेक वेळा वजाबाकीने काढतात: पाणी, प्रोटीन, फॅट आणि क्षार मोजायचे आणि १०० मधून वजा करायचे. उरलेल्यात दह्यातलं आम्लही येतं. त्यामुळे साध्या दह्यात एवढा फरक असला तर बिनधास्त राहा. हाच फरक योगर्टच्या कपात दोन-तीन ग्रॅमचा झाला, तर मात्र स्टार्च किंवा माल्टोडेक्स्ट्रिन घातलेलं असण्याची शक्यता असते. घटकांच्या यादीत ते दिसेल.

आता मुद्द्याचं. आपल्याला हवी आहे ती वरून घातलेली साखर. एफएसएसएआयच्या २०२० च्या लेबलिंग नियमांनुसार 'टोटल शुगर्स'च्या खाली 'अॅडेड शुगर्स' ही वेगळी ओळ द्यावी लागते. सगळ्यात आधी डोळे तिथे न्या. ती ओळ नीट दिली असेल तर निम्मं काम तिथेच झालं. पण ती छापील तक्त्यात बारीक अक्षरात, कपाच्या गोलाईवर दुमडलेली किंवा तारखेच्या शिक्क्याखाली गेलेली असते. कधी तिथला आकडा घटकांच्या यादीशी जुळत नाही. म्हणून तो आकडा स्वतः ताडून बघता यावा.

लोक साधारणपणे काय करतात? योगर्टच्या १३.५ मधून दह्याचे ४.६ वजा करतात, लस्सीच्या १२ मधूनही ४.६ वजा करतात. योगर्टला ही वजाबाकी चालते. लस्सीला चालत नाही, आणि तुमची गफलत नेमकी इथेच होते आहे. लस्सी म्हणजे दही अधिक पाणी. पाणी घातलं की दह्याची स्वतःची साखर विरळ होते. लस्सीत ४.६ ग्रॅम नैसर्गिक साखर नसतेच, तिच्या निम्म्याच्या आसपास असते. मग १२ च्या आकड्यातला मोठा वाटा आपोआप घातलेल्या साखरेचा ठरतो.

पाणी किती घातलंय हे लेबल सांगत नाही, पण प्रोटीनच्या ओळीवरून कळतं. प्रोटीन दह्यातूनच येतं, साखर आणि पाणी यांत ते नसतं. म्हणून दह्याचा अंश किती, याचं ते चांगलं माप आहे. साध्या दह्यात प्रोटीन ३.५ आणि साखर ४.६, म्हणजे साखर प्रोटीनच्या साधारण सव्वा ते दीड पट. तोंडी हिशोबासाठी मी हे असं करते: प्रोटीनचा आकडा घ्यायचा आणि त्यात त्याचाच एक तृतीयांश मिळवायचा. येईल ती दह्याची स्वतःची साखर. टोटल शुगर्समधून ती वजा केली की उरते ती बाहेरची.

तुम्ही टोटल शुगर्सचेच आकडे दिलेत. बाकीचे आकडे अशा पाकिटांवर सर्रास दिसतात तसे घेऊन करून दाखवते, तुमच्या पाकिटांवरचे घालून पुन्हा करा.

स्ट्रॉबेरी योगर्ट: १०० ग्रॅमला प्रोटीन ३.४, टोटल शुगर्स १३.५. प्रोटीनमध्ये एक तृतीयांश मिळवला की साडेचार. १३.५ मधून साडेचार गेले, उरले ९. लेबलवर अॅडेड शुगर्स ८.६ असेल तर ते बरोबर आहे. मधले ०.४ स्ट्रॉबेरीच्या गरातले असू शकतात. आता कप ८० ग्रॅमचा आहे, म्हणजे एका कपात घातलेली साखर सुमारे ७ ग्रॅम. चहाचा सपाट चमचा साधारण ४ ग्रॅम साखर घेतो, तेव्हा पावणेदोन चमचे.

गोड लस्सी: १०० मिलिलिटरला प्रोटीन १.९, टोटल शुगर्स १२. एक तृतीयांश मिळवून दह्याची साखर अडीच. १२ मधून अडीच गेले, उरले साडेनऊ. म्हणजे दर शंभरी घातलेली साखर इथेच योगर्टपेक्षा जास्त निघाली, जरी वरचा आकडा कमी दिसत होता. पण खरा फरक पुढे आहे. पाकीट २०० मिलिलिटरचं आहे आणि मूल ते अर्धं ठेवत नाही. एका पाकिटात १९ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ पाच चमचे. योगर्टच्या कपाच्या पावणेतीनपट.

लस्सीतूनही ४.६ वजा केले असते, तर उत्तर पाकिटाला १४.८ ग्रॅम आलं असतं. चमचाभर साखर नुसत्या वजाबाकीत गायब झाली असती.

(योगर्ट ग्रॅममध्ये आणि लस्सी मिलिलिटरमध्ये, हे कसं चालतं असं विचाराल. १०० मिलिलिटर गोड लस्सीचं वजन १०० ग्रॅमपेक्षा पाचेक टक्के जास्त भरतं. फरक एवढाच, घरच्या हिशोबात सोडून द्या.)

आणखी एक पडताळा अगदी सोपा आहे. लेबलवर 'प्रति सर्व्ह' असा टक्क्यांचा रकाना असतो, 'आरडीए'ची, म्हणजे दिवसासाठी ठरवून दिलेल्या प्रमाणाची टक्केवारी. त्यात अॅडेड शुगर्सचे टक्के दिवसाला ५० ग्रॅम धरून काढलेले असतात. म्हणून टक्के निम्मे केले की ग्रॅम मिळतात. लस्सीवर ३८ टक्के लिहिलं असेल तर १९ ग्रॅम. मात्र त्याआधी 'सर्व्ह' म्हणजे किती ते वाचा. २०० मिलिलिटरच्या पाकिटावर सर्व्ह १०० मिलिलिटर धरलं असेल तर तिथे १९ टक्केच दिसतील आणि पाकिटात सर्व्ह दोन, असं बाजूला बारीक लिहिलेलं असेल. नियमात बसतं, पण घाईत बघणारा फसतो.

त्या टक्क्यांबद्दल मुलाच्या बाबतीत एक लक्षात ठेवा. ५० ग्रॅम हा आकडा दिवसाला २००० कॅलरी घेणाऱ्या मोठ्या माणसाचा आहे, एकूण कॅलरीच्या १० टक्के या हिशोबाने. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादाही १० टक्क्यांच्या आत अशीच आहे आणि जमल्यास ५ टक्क्यांपर्यंत आणावी असं ती सुचवते. मुलाची दिवसाची गरज १५०० कॅलरी धरली तर १० टक्के म्हणजे ३७ ग्रॅमच्या आसपास. मग लस्सीचं एक पाकीट ३८ टक्के राहत नाही, निम्म्यावर जातं. त्यात बिस्किटं, जॅम, दुधातली पावडर हे सगळं अजून यायचंच आहे.

प्रोटीनवरून काढायची ही रीत कुठे फसते तेही सांगते, नाहीतर ग्रीक योगर्ट हातात आल्यावर गोंधळ होईल. ग्रीक योगर्टमध्ये दह्याचं पाणी गाळून काढलेलं असतं, चक्क्यासारखं. गाळताना प्रोटीन मागे राहतं आणि साखर पाण्याबरोबर निघून जाते. त्यामुळे साध्या ग्रीक योगर्टवर प्रोटीन ८ आणि साखर ४ च्या आत असं उलटं प्रमाण दिसतं. समजा फळाच्या चवीच्या ग्रीक योगर्टवर प्रोटीन ७ आणि टोटल शुगर्स १२ आहे. माझ्या रीतीने दह्याची साखर सव्वानऊ येईल आणि घातलेली तीनपेक्षाही कमी वाटेल. तसं नसतं. तिथे सरळ चार वजा करा, घातलेली साखर आठच्या घरात निघेल. व्हे प्रोटीन मिसळलेल्या पेयांतही हीच अडचण येते. ओळखायची खूण अशी: प्रोटीन पाचच्या वर असेल तर तृतीयांशाची रीत वापरू नका. दुधाची पावडर घातलेली असेल तर मात्र चिंता नाही, पावडरीत प्रोटीन आणि लॅक्टोज दोन्ही असतात आणि प्रमाण फारसं हलत नाही.

अर्ध्या ग्रॅमच्या फरकावरून दोन ब्रँडमध्ये निवड करू नका. दूध ऋतूप्रमाणे आणि जनावराप्रमाणे बदलतं, लेबलवरचे आकडेही थोडे गोळाबेरजेचे असतात. तीन-चार ग्रॅमचा फरक असेल तर तो खरा.

आता घटकांची यादी. यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, जे जास्त ते आधी. गोड लस्सीत बहुधा दही किंवा दूध, मग पाणी किंवा साखर, असा क्रम दिसेल. योगर्टच्या कपावर मात्र साखर दोनदा येऊ शकते. एकदा सरळ 'साखर' म्हणून, आणि दुसऱ्यांदा 'फ्रूट प्रिपरेशन'च्या कंसात. फ्रूट प्रिपरेशन १२ टक्के असं वाचून फळ १२ टक्के आहे असं वाटतं, पण त्या १२ टक्क्यांत साखर, गर, पेक्टिन, रंग, स्वाद असं सगळं असतं. कंसात पहिलं नाव साखरेचं असेल तर त्या मिश्रणात फळापेक्षा साखर जास्त आहे. लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, डेक्स्ट्रोज, फ्रुक्टोज, मध, गूळ ही सगळी त्याच घरातली. मधाची किंवा गुळाची लस्सी असली म्हणून हिशोब बदलत नाही.

'नो अॅडेड शुगर' लिहिलेल्या पाकिटावर माझी ती वजाबाकी विशेष उपयोगी पडते. समजा अशा लस्सीवर प्रोटीन २.१ आणि टोटल शुगर्स ११ आहे. दह्याची साखर २.८ झाली. उरलेले आठ ग्रॅम कुठून आले? यादीत सफरचंदाच्या किंवा द्राक्षांच्या रसाचा कॉन्सन्ट्रेट सापडेल. फळांतून आलेली असली तरी आटवलेल्या रसातली साखर जागतिक आरोग्य संघटना मर्यादित ठेवायच्या साखरेतच मोजते. उलट टोटल शुगर्सही पाचच्या आत असेल आणि तरी चव चांगली गोड असेल, तर यादीत सुक्रालोज (९५५) किंवा स्टीव्हिया (९६०) शोधा. साखर खरंच नसते, पण मुलाची जीभ तितक्याच गोडीला सरावते, म्हणून लहान मुलांना मी तो पर्याय सुचवत नाही. लॅक्टोज-फ्री दह्याचं प्रकरण वेगळं. त्यात लॅक्टोज आधीच फोडलेलं असतं, त्यामुळे साखर न घालता ते जरा गोड लागतं आणि टोटल शुगर्स मात्र साध्या दह्याएवढीच राहते.

कंपन्या एवढी साखर घालतात तरी का, असं तुमच्या मनात येत असेल. आंबट चव गोडी दाबते आणि थंडपणाही दाबतो. थंड, आंबट पदार्थ दुधासारखा गोड लागावा तर साखर जास्त घालावी लागते. शिवाय फॅट कमी केलं की चव पोकळ होते, तीही बऱ्याचदा साखरेनेच भरून काढतात. तेव्हा 'लो फॅट' वाचून थांबू नका, खालची साखरेची ओळही बघा. हेच कारण घरी आपल्या कामाला येतं: दही जितकं कमी आंबट आणि कमी थंड, तितकी साखर कमी पुरते. संध्याकाळी लावलेलं, सकाळी नुकतंच लागलेलं दही घ्या, तीन दिवसांचं नको. फ्रिजमधून काढून पंधरा-वीस मिनिटं बाहेर ठेवा.

घरात कोणाला मधुमेह असेल तर त्यांनी फक्त साखरेच्या ओळीवर विसंबू नये. माल्टोडेक्स्ट्रिन आणि स्टार्च 'शुगर्स'मध्ये धरत नाहीत, पण रक्तातली साखर ते वाढवतातच. त्यांनी कार्बोहायड्रेटचा एकूण आकडा बघायचा.

तुमच्या मुलाचं काय करायचं? योगर्ट एकदम बंद करू नका, वाद होईल आणि दहीही जाईल. ८० ग्रॅमच्या कपात तेवढंच साधं दही मिसळून दोन वाट्या करा, एक आज आणि एक उद्या. प्रत्येक वाटीत घातलेली साखर साडेतीन ग्रॅमवर येते, चमच्यापेक्षा कमी. आठवडाभर रुळला की दह्याचा वाटा वाढवा. पुढे कपाशिवाय, साधं दही आणि अर्धा चमचा साखर, वर पिकलेलं केळं किंवा चिकू कुस्करून. केळ्यात साखर असते, पण ती फळाच्या गरात असते, वरून घातलेल्या साखरेत तिची गणती होत नाही.

लस्सी घरी करा. १२० ग्रॅम दही, ८० मिलिलिटर पाणी, दोन सपाट चमचे साखर, चिमूटभर मीठ आणि वेलची. घातलेली साखर ८ ग्रॅम, पाकिटातल्या १९ च्या निम्म्याहून कमी. चमचा खरोखर सपाट घ्या, शीग लावलेल्या चमच्यात सहा-सात ग्रॅम सहज जातात. स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा असेल तर एकदा आपला चमचा त्यावर मोजून ठेवा.

डब्यात द्यायचं असेल तर दह्यावर साखर भुरभुरवू नका. साखरेने दह्याला पाणी सुटतं आणि मधल्या सुट्टीपर्यंत वर पाण्याचा थर येतो, मुलं तेवढ्यावरूनच नाक मुरडतात. सकाळी दही घोटून त्यातच साखर पूर्ण विरघळवा, घट्ट झाकणाच्या डब्यात गार करून भरा. केळं वेगळं द्या, कुस्करून घातलेलं दुपारपर्यंत काळं पडतं.